हाकेचे नाव

नाव ठेवणे आणि नावे ठेवणे यांत मराठीने अवघ्या एका मात्रेचे अंतर ठेवले आहे. आमच्या घरी गेल्या दिवाळीनंतर ही दोन्ही कामे एकाच वेळी चालू होती. पिल्लू एक, त्याला नाव ठेवणारी माणसे सात, आणि प्रत्येकाने सुचवलेल्या नावाला नावे ठेवायला उरलेली सहा तयारच. असा तो आठवडा गेला.

वास्तविक आमच्याकडे कुत्र्याला नाव असायलाच हवे असे पूर्वी कुणाला वाटले नव्हते. वस्तीवर कुत्रे असते, ते राखण करते, रात्री भुंकते, उरलेली भाकरी खाते. जवळ बोलवायचे असले की 'यू यू' म्हणायचे, घालवायचे असले की 'हाड', आणि कुणाच्या अंगावर सोडायचे असले की 'छू'. एवढ्या तीन शब्दांत माणसाचा आणि कुत्र्याचा सगळा संसार भागत असे. आधीचे तांबडे कुत्रे सहा वर्षे असेच बिननावाचे राहिले.

ते कुत्रे गेले ते या तीन शब्दांमुळेच, असे माझे मत आहे. आमची वस्ती रस्त्याला लागून आहे. उसाचा हंगाम सुरू झाला की दिवसरात्र ट्रॅक्टर आणि त्यांच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. त्या दिवशी कुत्रे रस्त्याच्या पलीकडे होते. चुलत्यांनी अलीकडून, हातात भाकरी धरून, 'यू यू' केले. कुत्रे धावत आले. त्याला 'ये' एवढेच ठाऊक होते आणि त्याने तेवढेच केले. ट्रॉली दिसल्यावर चुलते 'अरे अरे' करून ओरडले. पण 'अरे' हा काही कुत्र्याचा शब्द नव्हे. चुलते त्यानंतर बरेच दिवस जेवताना बोलत नसत. नवीन पिल्लू आणले तेही त्यांनीच, आणि पिशवीतून ते बाहेर काढताना म्हणाले, "याला नाव ठिवा. आन् नीट ठिवा."

नीट म्हणजे कसे, हा प्रश्न म्हणून माझ्याकडे आला. मी कॉलेजात मराठी घेतलेली, म्हणजे नावांचे खाते माझे, असा घरचा हिशोब.

पहिली गोष्ट मला अशी दिसली, की नाव म्हणजे 'ये' नव्हे. नावाचा अर्थ कुत्र्याच्या लेखी एवढाच हवा, की 'माझ्याकडे बघ, आता पुढचा शब्द तुझ्यासाठी आहे.' पुढचा शब्द 'ये' असेल, 'थांब' असेल, 'बस' असेल. आमच्या तांबड्याला हा पहिला शब्दच नव्हता, म्हणून त्याला दुसरा कधी शिकवताच आला नाही. म्हणजे नाव आणि हुकूम हे दोन वेगळे शब्द झाले, आणि ते कानाला एकमेकांपासून दूरचे लागले पाहिजेत. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कुत्र्याला नाव कोणते आणि 'थांब' कोणते हा घोळ परवडत नाही.

आता सुचवलेली नावे पाहा. पिल्लू काळेकुळकुळीत, छातीवर तेवढा रुपयाएवढा पांढरा ठिपका. वडील म्हणाले, "डांबऱ्या." रंग तंतोतंत जुळत होता आणि वडिलांना विनोद सहसा सुचत नाही, त्यामुळे सगळ्यांना ते आवडले. पण मी ते नाव आणि 'थांब' हे शब्द एकामागून एक म्हणून पाहिले. डांबऱ्या, थांब. डांब, थांब. पहिले व्यंजन सोडले तर दोन्हीकडे तोच 'आंब'. आणि लांबून येणाऱ्या हाकेत आधी हरवते ते व्यंजनच. शेतातून कुणी हाक मारली की आपल्यालाही स्वर तेवढे ऐकू येतात, "आ... ओ" असे काहीतरी येते आणि आपण अंदाजाने ओळखतो. स्वराला जोर असतो, तो ताणता येतो. 'स', 'श' यांसारखी ऊष्मे तर वाऱ्यात विरून जातात. म्हणजे वारा सुटल्यावर डांबऱ्यालाही 'आंब' आणि थांबलाही 'आंब'. वडिलांनी दोनदा पुटपुटून पाहिले आणि स्वतःच मान हलवली.

हे नुसते माझ्या कानाचे म्हणणे नाही. हंगेरीतल्या बुडापेस्टच्या विद्यापीठातील संशोधकांनी घरगुती कुत्र्यांच्या डोक्याला तारा लावून, त्यांना ओळखीचे हुकूम आणि बनावट शब्द ऐकवले होते. ते काम २०२० साली प्रसिद्ध झाले. अगदीच वेगळा बनावट शब्द असला तर कुत्र्याचा मेंदू तो ओळखीच्या हुकमापासून वेगळा काढत असे. पण हुकमातला एकच ध्वनी बदलून केलेला शब्द असला तर मेंदूतल्या नोंदीत फरक दिसत नसे. कुत्र्याचे कान आपल्यापेक्षा तिखट आहेत, यात शंका नाही. प्रश्न कानाचा नसून, शब्दातल्या बारीक फरकाकडे लक्ष देण्याचा आहे. माणसाचे तान्हे मूलही सुरुवातीला शब्द असेच ढोबळ धरते. तेव्हा नाव हुकमापासून एका अक्षराने वेगळे असून भागत नाही; ते सगळ्याच अंगांनी वेगळे हवे.

याच न्यायाने पुढची नावे गळाली. पिंपरीच्या आत्याच्या मुलीने फोनवरून 'कोको' सुचवले. गोड आहे, छोटे आहे, पण आमच्या घरी दिवसातून शंभर वेळा 'नको' म्हटले जाते, आणि त्यातले 'को' कोकोला आपलेच वाटले असते. धाकट्या भावाला 'ब्रुनो' हवे होते. आम्ही मराठीतून हुकूम देणार म्हणून ते एक वेळ चालले असते. पण भाऊ स्वतःच क्रिकेट पाहताना 'नो नो' करून ओरडतो. ज्यांच्या घरी कुत्र्याला 'नो' म्हणतात त्यांनी तर या नावाच्या वाटेला जाऊच नये. चार-पाच अक्षरी भारदस्त नावांचा प्रश्नच नव्हता. भावाने 'बाहुबली' म्हणून पाहिले, आणि आई म्हणाली, "तू लीपर्यंत पोचशील तवर ते पुण्याला पोचलेलं आसंल."

'मोत्या' या नावावर मात्र सगळे एका मिनिटात राजी झाले असते. दोन अक्षरांचे, शेवटी मोकळा 'आ', पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले. अडचण अशी, की आमच्या आजोबांचे नाव मोतीराम. आजोबा जाऊन अकरा वर्षे झाली, तरी आजी त्यांचे नाव घेत नाही; नथीतल्या मोत्यालासुद्धा ती 'शिंपल्यातला मणी' म्हणते. आणि दिवसभर वस्तीवर असते कोण? आजीच. आम्ही कॉलेजला, शाळेला, बाकीचे रानात. म्हणजे नाव घेणारे मुख्य तोंड तिचे. नवऱ्याच्या नावाने कुत्र्याला हाक मारायला आजीला कोण सांगणार?

तेव्हा मला दुसरी गोष्ट समजली, की नाव आधी घरातल्या तोंडांवरून घासून पाहावे लागते. आजीला वरचे दात नाहीत. 'त', 'स', 'झ' ही अक्षरे तिच्या तोंडून वारा होऊन निघतात. पण 'ट', 'ड' हे टाळूला लागून येतात आणि 'प', 'ब' ओठांतून. तिथे दातांचे काम नसते. ती अक्षरे तिची खणखणीत. भाषाविज्ञानाच्या तासाला स्पर्श व्यंजनांचे तक्ते पाठ करताना त्यांचा असा उपयोग होईल असे मला वाटले नव्हते. स्पर्श व्यंजनाने शब्द सुरू झाला की त्याला कडा येते, टिचकी मारल्यासारखी. जवळच्या कुत्र्याचे लक्ष ती कडा वेधते आणि लांबच्यासाठी स्वर कामी येतो.

आणखी एक खोड मराठीचीच आहे. आपण नाव ठेवतो एक आणि हाक मारतो दुसऱ्याने. व्याकरणात संबोधन नावाची विभक्ती आहे, पण खरे संबोधन अंगणात चालते. सुरेशचा सुऱ्या होतो, बाळूचा बाळ्या, मांजरीला मनी म्हणतात पण हाक 'मने' अशी जाते. कुत्र्याचे नाव 'रॉकी' ठेवले तर भाऊ रॉकी म्हणेल, वडील राक्या म्हणतील आणि आजी राकोबा. पिल्लाने कोणते आपले मानायचे? शहाणपण यात आहे, की शेवटी ज्या रूपात हाक जाणार तेच रूप पहिल्या दिवसापासून नाव म्हणून ठेवावे. मोत्या, खंड्या, वाघ्या ही नावे टिकली ती यामुळेच असावीत. ती नावे म्हणजे मुळातच हाका आहेत. त्यांना आणखी वाकवायला जागा नाही.

मग मी वहीच्या मागच्या पानावर आमच्या घरचे हुकूम लिहून काढले. थांब, बस, ये, जा, चल, नको, गप, सोड, हाड. नऊ शब्द. त्यांच्यातली व्यंजने पुसून स्वर तेवढे ठेवले: आ, अ, ए, आ, अ, अ-ओ, अ, ओ, आ. पाहता पाहता एक चमत्कारिक गोष्ट दिसली, की या सगळ्या यादीत 'इ' कुठेच नाही. 'उ'ही नाही, पण 'उ'चा स्वर 'यू' आणि 'छू' यांनी आधीच अडवून ठेवला आहे, आणि 'छू'शी सारखे नाव ठेवणे म्हणजे पोस्टमनशी वैर धरणे. राहिला 'इ'. म्हणजे नावाच्या पहिल्या अक्षरात 'इ' असला, तर वाऱ्यात व्यंजने गळून गेली तरी नुसत्या स्वरावरून नाव हुकमांपासून वेगळे ओळखू येईल. शेवटी ताणायला 'आ'. सुरुवातीला आजीला जमेल असे स्पर्श व्यंजन. साचा तयार झाला. आता त्यात नाव ओतायचे होते.

छातीवरच्या ठिपक्यावरून पहिले नाव निघाले 'टिक्या', टिकलीचा टिक्या. सगळ्यांना पसंत पडले. तीन दिवस आम्ही ते चालवले. चौथ्या दिवशी आई म्हणाली, "ह्ये कुत्रं मी म्हशीला हाक मारली तरी मान वळवतंय." आई म्हशीला काय म्हणते? "इकडं, इकडं." इक आणि टिक. इकडे हा शब्द मी हुकमांच्या यादीत धरलाच नव्हता, कारण तो हुकूम कुत्र्यासाठी नव्हता. पण कुत्र्याला थोडेच ठाऊक की कोणता शब्द कुणासाठी! यादी करायची ती कुत्र्याला दिलेल्या हुकमांची नव्हे, तर अंगणात मोठ्याने बोलल्या जाणाऱ्या सगळ्याच शब्दांची, म्हशीचे, बैलांचे आणि शेजारच्या पोरांची नावे धरून. 'पिंट्या'ही साच्यात बसत होता, परंतु शेजारी एक पिंट्या आधीच आहे आणि त्याच्या आईचा आवाज आमच्या सर्वांपेक्षा मोठा आहे.

टिक्यातला 'क' काढून 'प' घातला आणि 'टिप्या' झाला. ठिपक्याला आमच्याकडे टिपकाच म्हणतात, तेव्हा अर्थही जागेवर राहिला. आजीने म्हणून पाहिले. 'ट' टाळूला, 'प' ओठांत, दातांची गरज नाही. "टिप्याऽऽ" असे ती म्हणाली आणि म्हैससुद्धा दचकली. शेवटच्या 'या'बद्दल मला थोडी शंका होती, कारण पाहुणा आला की घरात 'या, या, बसा' होते, आणि त्यात टिप्याची शेपटी आणि 'बस' हा हुकूम असे दोन्ही येतात. पहिल्या आठवड्यात पाहुण्यांसोबत पिल्लूही आदराने बसत असे. पण 'टि'ची टिचकी नसलेला 'या' आपला नव्हे, हे त्याला पुढे कळले; आणि 'बसा' ऐकून तो बसला तर त्यात कुणाचे नुकसान नाही.

नाव ठरल्यावर ते शिकवण्याला वेळ लागला नाही, फक्त घरातल्या माणसांना शिकवायला लागला. रीत साधी आहे. पिल्लाचे लक्ष दुसरीकडे असताना नाव एकदाच, मोकळ्या आवाजात घ्यायचे. त्याने पाहिले की लगेच भाकरीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. असे पाच-सहा वेळा, दिवसातून दोन-तीनदा, बस. नाव दहा वेळा घोकायचे नाही. घोकले की पिल्लू पहिल्या नऊ वेळा स्वस्थ बसायला शिकते. रागावताना नाव घ्यायचे नाही, हे सर्वांत कठीण. चप्पल चावली की पहिला शब्द तोंडात येतो तो नावच. तेव्हा 'नको' म्हणायचे आणि चप्पल काढून घ्यायची. नावापाठोपाठ मार किंवा ओरडा आला, की पुढच्या वेळी नाव ऐकून ते पळते, आणि पळायला आमच्याकडे समोर रस्ता आहे.

पिल्लाला नाव कळले की नुसता आवाजाचा सूर कळला, हे तपासायची एक युक्ती मी काढली. त्याच सुरात, तेवढ्याच लाडाने, "भाकऱ्याऽऽ" म्हणायचे. पहिले चार दिवस ते दोन्हींना सारखेच धावे. म्हणजे नाव अजून झाले नव्हते, सूर झाला होता. सहाव्या दिवशी भाकऱ्या म्हटल्यावर त्याने एक कान हलवला आणि पुन्हा माती उकरू लागले; टिप्या म्हणताच अख्खी मान वळली. त्या दिवशी चुलत्यांनी स्वतः दहा पावलांवरून, मग पंचवीस, मग विहिरीच्या कडेने साठ पावलांवरून हाक मारून पाहिली. वाऱ्याच्या दिशेने साठलाही मान वळत होती. वाऱ्याच्या विरुद्ध चाळीसच्या पुढे नाही.

गोंगाटाचे काय, ही चुलत्यांची पुढची शंका. अमेरिकेतल्या मेरिलंड विद्यापीठात २०१९ साली कुत्र्यांना बसवून त्यांचे नाव आणि दुसरीच नावे ऐकवली होती, आणि मागे अनेक माणसांच्या बोलण्याचा गलका चालू ठेवला होता. गलका नावाइतकाच मोठा असतानाही कुत्र्यांनी आपले नाव ओळखले. वर्षाच्या मुलांना तेवढे साधत नाही, असे त्या संशोधकांनी नोंदवले आहे. मी हे चुलत्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, "मान्सांचा गलका येगळा आन् ट्रॅक्टरचा येगळा." त्यांनी आमचाच ट्रॅक्टर चालू करून पाहिले. वीस पावलांवर ट्रॅक्टरच्या पलीकडे बसलेल्या टिप्याला काहीही ऐकू आले नाही. म्हणून हंगामाच्या दिवसांत तो सकाळ-संध्याकाळ बांधलेला असतो. नाव कितीही चांगले असले तरी ते इंजिनाच्या वर जात नाही, आणि मांजर दिसल्यावर तर तेही कुत्र्याच्या कानात शिरत नाही.

पण एरवी आता दोन शब्द लागोपाठ चालतात. टिप्या, आणि तो पाहतो. मग थांब, आणि तो थांबतो. आजी 'थांब'ला 'थांम' म्हणते. तेही त्याने चालवून घेतले आहे. चुलते हे दोन शब्द अजून रोज संध्याकाळी फाटकापाशी म्हणून पाहतात. रस्ता रिकामा असला तरी.

एक अडचण मात्र राहिली आहे. आमच्या परीक्षेत 'टिपा लिहा' असा एक प्रश्न हमखास असतो, आणि मला मोठ्याने वाचल्याशिवाय पाठ होत नाही. संध्याकाळी ओट्यावर मी 'टिपा लिहा' म्हटले, की पिल्लू फाटकापासून धावत येऊन पुस्तकावर दोन्ही पाय ठेवते आणि भाकरीच्या तुकड्याची वाट पाहते. तुकडा दिला नाही तर नावाचा भरवसा जातो, आणि दिला तर अभ्यास. सध्या मी तो प्रश्न मनातल्या मनात वाचते.